महालक्ष्म्यांना गावी जायचे आहे : आधी तिकीट काढावे की आधी रजा मागावी?

जिंतूरची_सून (२२ जून २०२५)

नमस्कार. मी ठाण्यातल्या एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात काम करते आणि आम्ही डोंबिवलीला राहतो. सासर जिंतूर तालुक्यातल्या एका खेड्यात आहे. आमच्या घरी महालक्ष्म्या बसतात आणि थोरली सून मीच असल्यामुळे मला जाणे भागच असते. यंदा रविवारी, ३१ ऑगस्टला आवाहन आहे, सोमवारी, १ सप्टेंबरला जेवण आहे आणि मंगळवारी, २ सप्टेंबरला विसर्जन आहे. कंपनीच्या सुट्ट्यांच्या यादीत यातला एकही दिवस नाही. गणेश चतुर्थीची २७ ऑगस्टची सुट्टी मात्र आहे, आणि तिचा मला काही उपयोग नाही.

गेल्या वर्षी रेल्वेचे आरक्षण १२० दिवस आधी उघडत असे. तेव्हा मी मे महिन्यातच तिकिटे काढून ठेवली आणि ऑगस्टमध्ये रजेच्या अर्जाला ती जोडली. साहेबांनी तिकिटाकडे पाहिलेही नाही. "हे काढण्यापूर्वी विचारायला हवे होते," एवढेच ते म्हणाले. शेवटी जाणे झाले, पण परतीचे तिकीट रद्द करून एक दिवस आधी ट्रॅव्हल्सने यावे लागले आणि विसर्जनाचे हळदीकुंकू जाऊबाईंनी एकटीने उरकले. गेल्या नोव्हेंबरपासून आरक्षण ६० दिवस आधी उघडते. शुक्रवारी, २९ ऑगस्टला रात्री देवगिरीने निघायचे झाले तर ते तिकीट ३० जूनला सकाळी आठ वाजता उघडेल, म्हणजे माझ्या हातात आठवडा आहे. या आठवड्यात रजा मागावी, की तिकीट हातात आल्यावर? आणि मागायची तर कोणत्या शब्दांत?

नांदेडकर_दादा (२२ जून)

ताई, देवगिरीच्याच मागे कशाला लागता? दिवसा जाणारी तपोवन आहे, नंदीग्राम आहे, राज्यराणी आहे. अगदीच काही मिळाले नाही तर आदल्या दिवशी तत्काळ आहेच. वातानुकूलित डब्यांचे तत्काळ सकाळी दहाला उघडते आणि स्लीपरचे अकराला. फक्त १ जुलैपासून त्यासाठी खात्याला आधार जोडलेले असावे लागेल, ते आजच करून घ्या. मी गेली कित्येक वर्षे असाच जातो.

जिंतूरची_सून (२२ जून)

दादा, आभारी आहे, पण माझा प्रश्न गाडीचा नसून रजेचा आहे. तत्काळचे तिकीट आदल्या दिवशी ठरणार आणि रजा तर मला दोन महिने आधी सांगायची आहे.

जुना_कारकून (२३ जून)

मी जिल्हा परिषदेत आयुष्य घालवून निवृत्त झालो. आस्थापनेच्या टेबलावर बसून रजेचे हजारो अर्ज पाहिले आहेत, म्हणून अधिकाराने लिहितो. नैमित्तिक रजा वर्षाला आठ मिळतात. त्यांच्या मागेपुढे किंवा मध्ये आलेला रविवार रजेत धरत नाहीत, मात्र सुट्ट्यांसह एकूण गैरहजेरी सात दिवसांच्या वर जाऊ नये असा दंडक आहे. नैमित्तिक रजेला अर्जित रजा जोडता येत नाही. अर्जात "सुट्टीस जोडून" हे शब्द आणि "मुख्यालय सोडण्याची परवानगी असावी" हे वाक्य घालायला विसरू नये. ताईंनी शनिवारपासून बुधवारपर्यंत नैमित्तिक रजा टाकावी, रविवार आपोआप सुटेल आणि चारच दिवस खर्ची पडतील. साहेब नाही म्हणाले तर नियम दाखवावा.

रजापत्रक (२३ जून)

मी मूळची अंबाजोगाईची. पुण्यात एका कंपनीच्या मनुष्यबळ विभागात काम करते, त्यामुळे असे अर्ज मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पाहते. काकांनी लिहिले आहे ते शासकीय सेवेपुरते बरोबर आहे, पण ताईंच्या कंपनीला ते लागू होत नाही. तिथे पाहावा लागतो तो २०१७ चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम आणि त्याच्या जोडीला कंपनीचे स्वतःचे रजाधोरण.

त्या कायद्याप्रमाणेही वर्षाला आठ नैमित्तिक रजा आहेत, पण त्या तिमाहीला जमा होतात आणि डिसेंबरअखेर न वापरलेल्या बुडतात. म्हणून सप्टेंबरच्या आरंभी खात्यात पूर्ण आठ असतील असे गृहीत धरू नका. दुसरी रजा कामाच्या दर वीस दिवसांना एक या दराने मिळते, वर्षात २४० दिवस काम केलेल्याला ती लागू होते आणि ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. पंधरा दिवस आधी अर्ज करूनही मालकाने ती नाकारली, तर ४५ च्या वर जाणाऱ्या दिवसांचे पैसे मागण्याचा हक्क कायदा देतो. त्या अमुकच तारखेला जाण्याचा हक्क तो देत नाही. दिवस तुमचे असले तरी तारखा ठरवण्यात त्यांचा हात राहतो. त्यामुळे साहेबांना नियम दाखवून फारसे काही हाती लागणार नाही. शिवाय ज्या माणसाला कलम दाखवले तो पुढच्या वर्षी धोरणातले प्रत्येक कलम तुम्हाला दाखवतो, हे मी पाहिले आहे.

आता मला दोन गोष्टी सांगा. तुमच्याकडे शनिवारची सुट्टी कशी असते? आणि महिनाअखेरीस तुमच्याकडे नेमके कोणते काम असते?

वाळूजचा_फिटर (२३ जून)

आमच्या कारखान्यातला अनुभव सांगतो. माझे गाव मुदखेडच्या बाजूला आहे. तीन वर्षांपूर्वी मी तिकीट आधी काढले आणि सुपरवायझरला दाखवले. तेव्हा त्याच्या हातात माझ्याआधी आलेले अकरा अर्ज होते आणि त्यातले सात जण त्याच तीन दिवसांचे होते. लाइनवर किमान माणसे लागतातच. त्याने चिठ्ठ्या टाकल्या आणि माझे नाव निघाले नाही. माझे तिकीट पक्के होते आणि ज्याचे नाव निघाले त्याच्याकडे तिकीटच नव्हते. त्या वर्षी आम्ही दोघांनीही महालक्ष्म्या वाळूजलाच पाहिल्या.

त्यानंतर आम्हीच एक वही सुरू केली. जूनच्या पहिल्या आठवड्यात ज्याला पोळा, महालक्ष्म्या किंवा दिवाळी यांपैकी जे हवे ते त्याने त्या वहीत लिहायचे आणि तिन्ही मागायचे नाहीत. ही वही कंपनीच्या कोणत्याही नियमात नाही, पण सुपरवायझर आता तीच पाहतो. कारखाना कायद्यात अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा असे आहे, परंतु सणाच्या बाबतीत पंधरा दिवस म्हणजे फार उशीर झालेला असतो. बाकी आमच्याकडे रजेच्या मध्ये आलेली साप्ताहिक सुट्टी रजेत धरत नाहीत, ते त्या कायद्यातच आहे.

जिंतूरची_सून (२३ जून)

दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असते. काम म्हणजे महिनाअखेरीचे खाते बंद करणे, बँकेचा ताळमेळ आणि ७ तारखेच्या आत टीडीएस भरणे.

हे लिहिता लिहिता दिनदर्शिका उघडली आणि पोटात गोळा आला. ३० ऑगस्ट हा पाचवा शनिवार आहे. मी तो मनातल्या मनात सुट्टीचाच धरून चालले होते.

रजापत्रक (२४ जून)

मला तेच विचारायचे होते. वर्षातून काही महिन्यांतच पाचवा शनिवार येतो आणि दर वेळी कोणीतरी त्याच्यामुळे अडकतो.

आता हिशेब मांडून पाहू. शुक्रवारी रात्री निघालात तर शनिवार ३०, सोमवार १, मंगळवार २ आणि बुधवार ३ असे कामाचे चार दिवस जातात. पण रविवार ३१ हा रजेच्या दोन दिवसांच्या मध्ये सापडतो. बहुतेक खासगी धोरणांत अशा मधल्या सुट्टीला रजाच धरतात, ज्याला सगळे सँडविच म्हणतात, आणि चाराचे पाच होतात. तुमच्या धोरणात ते आहे की नाही हे आधी वाचा. उलट शनिवारी दिवसभर काम करून त्याच रात्री निघालात, तर रविवार कडेला पडतो आणि रजा सोमवारपासून सुरू होते. तेव्हा तीनच दिवस लागतात. देवगिरी कल्याणला रात्री दहाच्या सुमारास येते आणि सकाळी परभणीला पोहोचवते. तिथून एसटीने जिंतूर आणि पुढे काळीपिवळी धरली, तरी गाडी वेळेवर असेल तर रविवारी दुपारच्या आत तुम्ही घरी असाल. आवाहन साधारणतः संध्याकाळीच होते. नुकसान एवढेच, की मुखवटे काढणे, साड्या नेसवणे, मखर आणि पुरणाची तयारी यांत तुमचा शनिवार नसेल. ते घरात किती चालेल हे तुम्हीच ठरवायचे.

परतीचेही पाहा. मंगळवारी विसर्जन उरकून त्याच संध्याकाळची परभणीची गाडी धरणे खेड्यातून जवळजवळ अशक्य आहे. म्हणून परत निघणे बुधवारी, ३ सप्टेंबरला, आणि पोहोचणे गुरुवारी सकाळी. या तिकिटाचे आरक्षण ५ जुलैला उघडेल, म्हणजे जाण्याच्या तिकिटानंतर चार-पाच दिवसांनी. खरी अडचण इथे आहे. ज्या दिवशी जाण्याची तारीख पक्की होते त्या दिवशी परतीची तारीख अजून लटकलेलीच असते, आणि साहेब मात्र दोन्ही एकदम विचारतात.

म्हणून मी सांगेन की आरक्षण उघडण्याआधी, याच आठवड्यात, तोंडी बोला आणि त्याच दिवशी लेखी पाठवा. त्या पत्रात रजेचे दिवस मागा आणि तिकिटाच्या तारखा अजून ठरायच्या आहेत हे स्पष्ट लिहा. तिकिटे झाली की दुसरे, अगदी दोन ओळींचे पत्र पाठवा. पहिल्या पत्राचा कच्चा मसुदा देते.

"महोदय, १ ते ३ सप्टेंबर (सोमवार ते बुधवार) अशी तीन दिवसांची रजा मला हवी आहे. घरी महालक्ष्मीचा कुळाचार असून पूजन १ तारखेला व विसर्जन २ तारखेला आहे. या तिथी बदलता येत नाहीत. मी शनिवारी, ३० ऑगस्टला पूर्ण दिवस कामावर असेन व रात्रीच्या गाडीने निघेन. परतीची गाडी ३ तारखेच्या संध्याकाळची असून ती ४ तारखेला सकाळी पोहोचते. त्या दिवशी दुपारी साडेबारापर्यंत रुजू होण्याची मुभा असावी. जाण्याचे आरक्षण १ जुलैला व परतीचे ५ जुलैला उघडते. त्याआधी आपली संमती मिळाल्यास मी तिकिटे काढेन. ऑगस्टचा बँक ताळमेळ ३० तारखेपर्यंतच्या नोंदींसह पूर्ण करून ठेवेन. टीडीएसचे काम ४ तारखेपासून हाती घेईन. मधल्या तीन दिवसांत येणाऱ्या तातडीच्या देयकांसाठी सहकाऱ्यांशी बोलून त्यांचे नाव कळवते."

यात तीन शब्द मी मुद्दाम घातले आहेत. "कुळाचार" लिहिल्याने हा केवळ गावी जाण्याचा हट्ट नाही हे समजते. यादीत नसलेला सण साहेबांना माहीत असेलच असे नाही, कारण सगळीकडे गौरी दीड दिवसाच्या गणपतीसारख्या घरच्या घरी उरकतात असेच त्यांना वाटते. "संमती मिळाल्यास" लिहिल्याने तिकीट हे दडपण राहत नाही. आणि "साडेबारापर्यंत" लिहिल्याने गाडी दोन तास उशिरा आली तरी तुमचा शब्द मोडत नाही. रात्रीच्या गाडीने पोहोचण्याच्या दिवशी साडेनऊला हजर राहण्याचे वचन कोणी देऊ नये.

गेवराईकर (२४ जून)

मला हे अजिबात पटत नाही. तिकिटाआधी विचारणे म्हणजे "नाही" म्हणायला आमंत्रण देणे. तिकीट हातात असले की समोरच्याला निदान चार जणांचे पैसे बुडतील याची भीड पडते. माझ्या साहेबांनी तिकीट पाहूनच सही केली आहे, एकदा नव्हे तर तीन वेळा.

रजापत्रक (२४ जून)

भीड पडते, हे मान्य आहे. पण ती एकदा किंवा दोनदा पडते, आणि ताईंची ती गेल्याच वर्षी वापरून झाली. शिवाय पैसे बुडतात असे जे वाटते त्यात फारसा दम नाही. गाडी सुटण्याच्या ४८ तासांहून आधी रद्द केले तर स्लीपरला माणशी १२० रुपये आणि थर्ड एसीला १८० रुपये व वर कर एवढीच वजावट होते, हे आता साहेबांनाही ठाऊक असते. खरे नुकसान दुसऱ्या तारखेचे तिकीट न मिळण्याचे असते, आणि ते त्यांना दिसत नाही.

गेवराईकर (२४ जून)

तरीही मी आधी तिकीटच काढेन. प्रत्येकाचा साहेब वेगळा असतो.

नाशिकरोडचा_रहिवासी (२५ जून)

माझा प्रसंग थोडा वेगळा आहे, पण तारखांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. मी नाशिकला नोकरी करतो आणि माझे गाव नांदेड जिल्ह्यात आहे. देवगिरी नाशिकरोडला मध्यरात्र उलटल्यावर येते. गेल्या दिवाळीत मला शुक्रवारी काम संपवून त्याच रात्री निघायचे होते, म्हणून मी शुक्रवारचे तिकीट काढले. ती गाडी गुरुवारच्या जेवणानंतरच, म्हणजे शुक्रवारी पहाटेआधी निघून गेली होती. मला शनिवारची तारीख टाकायला हवी होती. रजा शनिवारपासूनच मंजूर होती, त्यामुळे रजा बरोबर आणि तिकीट चूक, असा उलटा प्रकार झाला.

रजापत्रक (२५ जून)

यातला एक पोटभाग बहुतेकांच्या लक्षात येत नाही. साठ दिवस मोजतात ते गाडी आपल्या पहिल्या स्थानकावरून ज्या तारखेला सुटते त्या तारखेपासून. त्यामुळे तुमचे शनिवारी पहाटेचे तिकीट मुंबईहून शुक्रवारी सुटणाऱ्या गाडीचे म्हणून शुक्रवारच्या हिशेबाने, म्हणजे एक दिवस आधीच उघडते. शनिवारवरून मोजत बसलात तर सकाळी आठला खिडकी उघडाल तेव्हा वेटिंग दिसेल. ताईंना कल्याणहून ही अडचण नाही.

जिंतूरची_सून (२५ जून)

आज दुपारी साहेबांशी बोलले. धोरण आधी वाचले होते. सँडविच आहेच. म्हणून शनिवारचा विचार सोडून दिला आणि सासूबाईंना फोन करून सांगितले की मी रविवारी सकाळी येईन, पुरणाची डाळ तेवढी भिजवून ठेवा. त्या थोड्या नाराज झाल्या आहेत. जाऊबाई म्हणाल्या की शनिवारची तयारी त्या करतील, पण सोळा भाज्या निवडायला सोमवारी पहाटे मीच बसायचे.

साहेबांचा पहिला प्रश्न रजेचा नव्हताच. "टीडीएस?" एवढाच शब्द ते म्हणाले. ७ सप्टेंबर रविवार आहे, ५ तारखेला ईदची सुट्टी आहे आणि ६ तारखेला अनंत चतुर्दशी. म्हणजे ४ तारखेला दुपारी रुजू झाले तर माझ्या हातात खरा तो अर्धाच दिवस आणि शनिवार. मी हे आधी मोजलेच नव्हते. आमच्या विभागातल्या दुसऱ्या सहकारी कोकणातल्या आहेत आणि त्यांना विसर्जनासाठी ६ तारीख हवी आहे. त्यामुळे १ ते ३ त्या सांभाळतील आणि ६ ला मी येईन, असे आम्ही दोघींनी ठरवले आणि तेच पत्रात लिहिले. टीडीएसची रक्कम मी ३० तारखेलाच काढून तक्ता तयार ठेवेन, म्हणजे त्यांना फक्त चलन भरायचे राहील. साहेब म्हणाले, "मेल करा, बघतो."

नांदेडकर_दादा (२५ जून)

"बघतो" याचा अर्थ आपल्याकडे "हो" असाच होतो.

वाळूजचा_फिटर (२५ जून)

आमच्याकडे त्याचा अर्थ "विसरलो" असा होतो.

रजापत्रक (२६ जून)

तीन-चार दिवस थांबून त्याच मेलला उत्तर म्हणून एक ओळ लिहा : "उद्या सकाळी आठला आरक्षण उघडत आहे, हरकत नसल्यास मी तिकिटे काढते." नवीन मेल पाठवू नका. सगळा पत्रव्यवहार एकाच साखळीत राहिला तर ऑगस्टमध्ये कोणाला काही आठवावे लागत नाही. आणि खेड्यातून लॅपटॉपवर काम करेन असे कोणी सुचवले, तर जपून. महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी घरात पन्नास पाने उठत असताना आणि वीज कधी जाईल हे ठाऊक नसताना दिलेला शब्द पाळता येत नाही. फोनवर एक वेळ ठरवून देणे पुरे.

जिंतूरची_सून (१ जुलै)

काल संध्याकाळी ती ओळ लिहिली. रात्री नऊ वाजता उत्तर आले : "ठीक आहे, १ व २ मंजूर. ३ बद्दल ऑगस्टमध्ये सांगतो."

आज सकाळी पावणेआठला खात्यात शिरले. प्रवाशांची नावे आधीच जतन करून ठेवली होती. आठला स्लीपर उघडले, पैसे भरायच्या पानावर अडकले आणि परत आले तेव्हा वेटिंग ४० च्या पुढे होते. थर्ड एसीत मात्र तिघांच्या तीन जागा पक्क्या मिळाल्या. खर्च वाढला, पण जाणे ठरले. आता प्रश्न परतीचा. ३ तारीख मंजूर नसताना ५ जुलैला ३ तारखेचे तिकीट काढू की २ तारखेचे?

गेवराईकर (१ जुलै)

दोन्ही काढा. एक नंतर रद्द करा.

जुना_कारकून (१ जुलै)

असे सगळ्यांनी केले म्हणूनच खऱ्या गरजवंताला वेटिंग लागते. मला हे योग्य वाटत नाही.

रजापत्रक (२ जुलै)

योग्य-अयोग्य बाजूला ठेवले तरी २ तारखेचे तिकीट तुम्हाला वापरताच येणार नाही, मग ते काढून काय मिळणार? ३ तारखेचेच काढा आणि साहेबांना तेवढेच कळवा, की २ तारखेला विसर्जनानंतर गावाहून स्थानकावर पोहोचेपर्यंत गाडी निघून गेलेली असते, म्हणून ३ तारीख ही रजा वाढवण्यासाठी नसून परतीचा प्रवास आहे. ते मंजूर करतीलच असे मात्र मी म्हणणार नाही. त्यांना ३ तारीख पगारी द्यायची नसेल तर बिनपगारी मागण्याचा पर्याय हातात ठेवा, पण तो पहिल्याच पत्रात लिहू नका.

एक लक्षात ठेवा. आरएसी मिळाले तर ते तिकीट पक्केच धरा, कारण अर्धी जागा तरी हमखास असते आणि गाडीत चढता येते. वेटिंग हे रजेच्या दृष्टीने तिकीटच नव्हे. ऑनलाइन काढलेले वेटिंग चार्ट लागल्यावरही तसेच राहिले तर ते आपोआप रद्द होते आणि प्रवास करता येत नाही. म्हणून वेटिंगचा पीएनआर अर्जाला कधीही जोडू नये. तारीख ठरली असा साहेबांचा समज होतो आणि मग ती बदलली की दोष आपल्यावर येतो.

जिंतूरची_सून (५ जुलै)

परतीचे स्लीपर मिळाले. माझे आणि मुलाचे पक्के, यांचे आरएसी. पीएनआर त्याच साखळीत कळवला आहे आणि वर दोन ओळी प्रवासाच्या लिहिल्या आहेत. उत्तर नाही.

जिंतूरची_सून (१४ ऑगस्ट)

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. यांचे आरएसी मागच्या आठवड्यात पक्के झाले. ३ तारखेची विचारणा मी या महिन्यात दोनदा केली. पहिल्यांदा उत्तर आले नाही. दुसऱ्यांदा साहेबांनी सहकारी बाईंना थेट विचारले की ३ तारखेला त्या असतील का. त्या हो म्हणाल्या. त्यानंतर मंजुरी आली आहे, पण ४ तारखेच्या सकाळबद्दल त्यात एक शब्दही नाही. मी ते पुन्हा विचारायचे की गृहीत धरायचे, यावर घरात दोन मते आहेत. यांचे म्हणणे असे की विचारले तर नाही म्हणतील.

रजापत्रक (१४ ऑगस्ट)

विचारू नका, कळवा. २९ तारखेला, काम सोपवण्याच्या मेलमध्ये शेवटी एक ओळ : "४ तारखेला गाडी पोहोचल्यावर दुपारी साडेबारापर्यंत रुजू होते." ते तुम्ही जूनमध्येच लिहिले आहे आणि कोणी हरकत घेतलेली नाही.

गेवराईकर (१४ ऑगस्ट)

हे मात्र माझ्याच पद्धतीसारखे झाले.

रजापत्रक (१४ ऑगस्ट)

थोडेसे, होय.

वाळूजचा_फिटर (१५ ऑगस्ट)

या निमित्ताने दिवाळीचे विचारतो. वसुबारस १७ ऑक्टोबरला, शुक्रवारी आहे. त्या रात्रीचे तिकीट माझ्या हिशेबाने परवा, म्हणजे सोमवारी १८ ऑगस्टला उघडते. भाऊबीज २३ ला आहे. परतीला रविवार २६ ऑक्टोबर धरला, तर ते आरक्षण २७ ऑगस्टला, बरोबर गणेश चतुर्थीच्या सकाळी आठला उघडते आहे. त्या वेळी आमच्या घरी प्रतिष्ठापना चाललेली असते आणि मोबाइल हातात घेतला तर आई रागावते. वहीत माझे नाव महालक्ष्म्यांना नाही, दिवाळीला आहे, त्यामुळे रजेची चिंता नाही. कोणी त्या सकाळी माझे परतीचे तिकीट काढून देऊ शकेल का?

नांदेडकर_दादा (१५ ऑगस्ट)

परवा म्हणजे रविवार. सोमवार म्हणजे तेरवा, दादा. बाकी २७ ची आरती आमच्याकडे दहा वाजता असते, आठला मी मोकळा आहे. पण एकाच्या वैयक्तिक खात्यावरून भलत्याचेच तिकीट काढणे नियमात बसते का, हे आधी पाहावे लागेल. त्यापेक्षा तुमच्या धाकट्या भावाला तुमच्याच खात्यावर बसवा आणि आईला सांगा की तो गणपतीचा मुहूर्त पाहतो आहे.